हातचा सोडून केलेली बेरीज

निकाल लावायची वेळ आली की शिक्षकांच्या खोलीत एक जुना वाद हमखास उकरून काढला जातो. गृहपाठ, चाचणी आणि अंतिम परीक्षा अशा तीन भागांचे गुण एकत्र करून श्रेणी द्यायची असते आणि प्रत्येक भागाचे टक्के दशांशात येतात. मग ते टक्के आधीच राउंड करून त्यांना भारांश लावायचा, की दशांश तसेच वागवत नेऊन सगळ्यात शेवटी एकदाच राउंड करायचं? एक गट म्हणतो, "अर्ध्या गुणाचं काय घेऊन बसलात? 84.4 म्हणजे 84." दुसरा म्हणतो, "पोरांचं नुकसान होतं, थोडं सांभाळून घ्या." पहिला गट दुसऱ्याला लाड करणारा ठरवतो, दुसरा पहिल्याला कोरडा ठरवतो, आणि चहा संपला की ज्याचा आवाज मोठा त्याची पद्धत त्या वर्षी चालते. हा वाद मी बरीच वर्षं ऐकतो आहे. माझं म्हणणं असं की दोन्ही गट चुकीच्या मुद्द्यावर भांडत आहेत. कडक की मवाळ, हा प्रश्नच नाही.

प्रश्न क्रमाचा आहे. ज्याचे गुण खरोखर जास्त आहेत, त्याला कमी गुणवाल्यापेक्षा खालची श्रेणी मिळता कामा नये, एवढी साधी अट कोणत्याही निकालाकडून आपण ठेवतो. शेवटी एकदाच राउंड करणारी पद्धत ही अट कधीच मोडत नाही. आधी राउंड करणारी पद्धत मोडते, आणि तीही एखाद्या विचित्र, मुद्दाम शोधून काढलेल्या उदाहरणात नाही, तर रोजच्या आकड्यांत. म्हणून आधी राउंड करणं चूक आहे. त्यात मुलांचा फायदा होतो की तोटा हा पुढचा विषय.

आकडे घेऊनच बोलू. गृहपाठाला 20 टक्के, चाचणीला 30 आणि अंतिम परीक्षेला 50 टक्के भारांश. गृहपाठ 500 पैकी, चाचणी 70 पैकी, अंतिम परीक्षा 90 पैकी. एकूण 80 झाले की वरची श्रेणी, आणि एकूण गुण पूर्णांकात धरायचे, म्हणजे 79.5 पासून पुढे 80. आता एक मुलगा घ्या. त्याला गृहपाठात 422, चाचणीत साडेत्रेपन्न आणि अंतिम परीक्षेत साडेएकाहत्तर गुण आहेत. टक्क्यांत हे 84.40, 76.43 आणि 79.44 होतात. भारांश लावला की 16.88, 22.93 आणि 39.72, बेरीज 79.53. म्हणजे 80, वरची श्रेणी. त्याच्याच वर्गातली एक मुलगी घ्या. तिला गृहपाठात 388, चाचणीत साडेचोपन्न, अंतिम परीक्षेत साडेबहात्तर. टक्के 77.60, 77.86 आणि 80.56. भारांश लावून 15.52, 23.36 आणि 40.28, बेरीज 79.16, किंवा आणखी नेमकं सांगायचं तर 79.155. म्हणजे 79, खालची श्रेणी.

आता तेच गुण आधी राउंड करून बघा. मुलाचे टक्के 84, 76 आणि 79 झाले. बेरीज 16.8, 22.8 आणि 39.5 ची, म्हणजे 79.1. निकाल 79. मुलीचे टक्के 78, 78 आणि 81 झाले. बेरीज 15.6, 23.4 आणि 40.5 ची, म्हणजे बरोबर 79.5. निकाल 80. दोघांच्या उत्तरपत्रिकांत एक काना-मात्रा बदललेली नाही, भारांश तेच, श्रेणीची रेषा तीच, आणि तरी दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. तिच्यापेक्षा जवळजवळ चार दशांश गुण जास्त असलेला मुलगा तिच्या खाली गेला. आता सांगा, यात दया कुठे आहे आणि शिस्त कुठे? "सांभाळून घ्या" म्हणणाऱ्यांनी मुलाला सांभाळलं नाही, आणि "नियम म्हणजे नियम" म्हणणाऱ्यांनी मुलीला तिने न मिळवलेला गुण दिला.

हे का होतं, ते प्राथमिक शाळेतल्या बेरजेइतकं सोपं आहे. एककाच्या घरातली बेरीज नऊच्या वर गेली की आपण हातचा घेतो आणि तो पुढच्या घरात मिळवतो. हातचा विसरलं की बाई लाल पेनने गोल करायच्या. मुलाच्या तिन्ही भागांत पूर्णांकाच्या पुढे चार-चार दशांश उरले होते. एकेकटे बघितले तर तिन्ही अर्ध्याच्या आतले, म्हणून तिन्ही टाकून दिले. पण एकत्र येऊन त्यांची भारांशासह बेरीज 0.43 होत होती, आणि 79.1 मध्ये ती मिळवली की तो रेषेच्या पलीकडे जात होता. आपण प्रत्येक घरातला हातचा त्या-त्या घरातच पुसून टाकला आणि मग म्हटलं, बेरीज बरोबर आहे. मुलीच्या बाबतीत उलटं झालं, तीन घरांत नसलेला हातचा आपण पदरचा घातला.

किती मोठी चूक होऊ शकते, हेही मोजता येतं. एका भागात राउंड करताना जास्तीत जास्त अर्ध्या गुणाचा फरक पडतो. भारांशांची बेरीज 100 टक्के असल्यामुळे तिन्ही भागांतली चूक एकाच दिशेने गेली तरी एकूण फरक अर्ध्याच्या वर जात नाही. इथपर्यंत ऐकून काही जण सुस्कारा सोडतात. पण त्यावर शेवटचं राउंड करणं अजून बाकी असतं आणि त्यात आणखी अर्धा जातो. दोन्ही मिळून खरे 79.9 च्या आसपास गुण असलेला विद्यार्थी 79 वर अडकू शकतो आणि जेमतेम 79 वाला 80 वर चढू शकतो. ही टोकं झाली. नेहमीची परिस्थिती काय? 20, 30, 50 अशा भारांशांत आणि दशांश सगळीकडे सारखे विखुरलेले आहेत असं धरलं, तर वर की खाली हे न बघता या फरकाचं सरासरी मूल्य साधारण 0.15 येतं. पूर्णांकातला निकाल बदलण्याची शक्यताही तेवढीच असते. म्हणजे साधारण सात विद्यार्थ्यांमागे एकाचा अंतिम आकडा एका गुणाने वर किंवा खाली होतो. अर्थात त्यातल्या बहुतेकांचा आकडा 73 चा 74 होईल आणि श्रेणी तीच राहील. दर दहा गुणांवर श्रेणी बदलत असेल तर सत्तरांमागे एखाद्याचीच श्रेणी हलेल. पण वर्गातले बरेच जण एखाद्या रेषेजवळच गोळा झालेले असले की हे प्रमाण वाढतं. सत्तरांत एक म्हणजे फार नाही असं वाटत असेल, तर त्या एकाला समोर बसवून सांगून बघा.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. त्यातला पहिला खरोखर वजनदार आहे आणि त्याला उडवून लावणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. तो असा: गुण ही चीज मुळात इतकी काटेकोर नसतेच. एकच निबंध दोन परीक्षकांना द्या, चार-पाच गुणांचा फरक सहज पडेल. ज्या मोजमापात चार गुणांची अनिश्चितता आहे तिथे दुसऱ्या दशांशावर भांडणं म्हणजे कोयत्याने नखं कापण्यासारखं. मान्य आहे, अगदी शंभर टक्के मान्य. 79.53 आणि 79.16 या दोन विद्यार्थ्यांत ज्ञानाचा काही फरक आहे असा माझाही दावा नाही. पण यातून निष्कर्ष काय निघतो? मोजमाप ढोबळ आहे म्हणून हिशेबही ढोबळ करा? राउंड केल्याने परीक्षकाची अनिश्चितता कमी होत नाही; तिच्यावर आपली एक नवी चूक चढते. परीक्षकाची चूक आपल्या हातात नसते, ही मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला आपण काय शिकवतो? उपकरणाचं वाचन दोनच अंक खात्रीचं असलं तरी मधल्या आकडेमोडीत एक-दोन अंक जास्त ठेवा आणि उत्तर लिहिताना छाटा. त्याच विद्यार्थ्याचा निकाल लावताना आपण नेमकं उलटं करतो.

मधल्या पायरीवर छाटत गेलं तर काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे. व्हँकुव्हर शेअर बाजाराने 1982 साली 1000 या आकड्यापासून एक निर्देशांक सुरू केला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने काढला जाई आणि दर वेळी तिसऱ्या दशांशानंतरचे अंक सरळ कापले जात. बाजार काही कोसळलेला नव्हता, पण 1983 च्या नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक 520 च्या आसपास घसरला. नीट हिशेब केल्यावर खरा आकडा 1098 च्या पुढे निघाला. हे उदाहरण मी देतो तेव्हा एक गोष्ट लगेच कबूलही करतो: तिथे चूक हजारो वेळा साचत होती आणि ती दर वेळी खालच्याच बाजूला होती, आपल्याकडे तीनच पायऱ्या आहेत आणि चूक दोन्ही बाजूंना जाते. त्यामुळे श्रेणीच्या तक्त्यात इतकी पडझड होणार नाही. पण कारण तेच आहे. मधल्या आकड्याला अंतिम आकड्यासारखं वागवलं.

"दोन्ही बाजूंना जाते" या शब्दांवरच दुसरा आक्षेप उभा आहे. कुणाचा गुण वाढतो, कुणाचा घटतो, वर्गाची सरासरी तीच राहते, मग बिघडलं कुठे? बिघडलं असं की श्रेणी सरासरीला मिळत नाही, एकेका मुलाला मिळते. एकाच्या खिशातले पैसे दुसऱ्याच्या खिशात गेले तर घरातले एकूण पैसे तेवढेच राहतात, म्हणून काही चोरी झालीच नाही असं कुणी म्हणत नाही. शिवाय सरासरी तीच राहते हेही पूर्ण खरं नाही. पेपर 100 गुणांचा आहे आणि अर्धे गुण देण्याची पद्धत आहे असं समजा. मग टक्क्यांत एकतर पूर्ण आकडा येतो नाहीतर बरोबर साडे. साडेला आपण वरच नेतो, म्हणून या पेपरात राउंड करणं कुणाचाच गुण कमी करत नाही, फक्त वाढवतं. पेपर 50 गुणांचा असेल तर अर्धा गुण म्हणजे बरोबर एक टक्का, तिथे राउंड करण्यासारखं काही उरतच नाही. 70 किंवा 90 चा असेल तर दशांशांची रांग लागते आणि काही वर जातात, काही खाली. म्हणजे कोणाला किती लाभ होणार हे पेपर कितीचा काढला त्यावर ठरतं! प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या हे गावीही नसतं.

आणखी एक गंमत मुलीच्या आकड्यांत लपलेली आहे. तिची बेरीज बरोबर 79.5 आली तो योगायोग नव्हता. पूर्णांकांना 20, 30, 50 टक्क्यांनी गुणलं की बेरीज नेहमी एका दशांशात येते. त्यामुळे दहातले साधारण एक जण नेमके साडेवर येऊन उभे राहतात, आणि साडेचं काय करायचं यावर मग सगळं ठरतं. स्प्रेडशीटमधलं `ROUND` साडेला वर नेतं. पायथन या संगणकभाषेतलं `round` साडेला जवळच्या सम संख्येकडे नेतं; तिथे `round(84.5)` चं उत्तर 84 येतं आणि `round(77.5)` चं 78. दोन विभागांनी दोन साधनं वापरली तर एकाच नियमाचे दोन निकाल. दशांश शेवटपर्यंत ठेवले तर नेमक्या साडेवर येणारे विरळा असतात आणि हा प्रश्न क्वचितच उभा राहतो.

तिसरा आक्षेप पारदर्शकतेचा, आणि माझ्या मते सगळ्यात बळकट हाच. एका वर्षी मी दशांश ठेवून निकाल लावला, पण गुणपत्रकावर सवयीने पूर्णांकच छापले गेले. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी आला. तक्रार स्वतःबद्दल नव्हती, मित्राबद्दल होती. मित्राचं गुणपत्रक हातात, त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने केलेली बेरीज. "सर, ह्याला 80 कसे? 84, 76, 79 धरून मी तीनदा केलं, 79.1 च येतं." मित्र बाजूला उभा, चेहरा असा की जमिनीने पोटात घेतलं तर बरं. मी संगणकावरचे दशांश दाखवले तेव्हा तो गप्प झाला, पण त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. छापील आकड्यांवरून छापील उत्तर येत नसेल तर तो निकाल तपासायचा कसा? आधी राउंड करणाऱ्यांचं म्हणणं नेमकं हेच असतं: आमच्या पद्धतीत पालकसुद्धा कागदावर पडताळा घेऊ शकतो.

या आक्षेपाला उत्तर आहे, पण ते हिशेबात नाही, छपाईत आहे. दाखवायचा आकडा आणि मोजायचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की केवढी पंचाईत होते ते जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने 1992 च्या निवडणुकीत पाहिलं. तिथे विधानसभेत जागा मिळायला किमान 5 टक्के मतं लागत. ग्रीन पक्षाचा आकडा तक्त्यावर 5.0 दिसत होता, म्हणून त्यांना जागा धरल्या गेल्या. खरा आकडा 4.97 होता, छापणारा प्रोग्रॅम एकच दशांश दाखवत असे. चूक उघडकीला आल्यावर ग्रीन पक्ष विधानसभेबाहेर गेला आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाला एका जागेचं बहुमत मिळालं. यावर तोडगा काय असायला हवा होता? 4.97 ला खरोखरच 5 मानायचं, म्हणजे तक्ता आणि निकाल जुळतील? तसं कुणी म्हणणार नाही. तोडगा एवढाच की तक्त्यावर पुरेसे दशांश दाखवा. गुणपत्रकाचंही तेच. टक्के छापण्याऐवजी मूळ गुण छापा: 422/500, 53.5/70, 71.5/90. यात दशांशाचा घोळ नाही, आणि पडताळा कुणालाही घेता येतो, राउंड केलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त खात्रीने.

आपल्या तक्त्यात नेमकं काय चाललंय हे अनेकांना ठाऊकच नसतं, म्हणून एक तपासणी सांगतो. स्प्रेडशीटमध्ये दशांश लपवणारं बटण दाबलं की सेलमध्ये 84 दिसतं, पण आत 84.4 च असतं. ते फक्त दाखवण्यापुरतं. `ROUND` लिहिलं तर मात्र आतला आकडाच बदलतो. A2, B2 आणि C2 मध्ये गृहपाठ, चाचणी आणि अंतिम परीक्षेचे टक्के आहेत असं धरून दोन्ही पद्धती शेजारशेजारच्या दोन कॉलममध्ये मांडा:

```
=ROUND(0.2*A2+0.3*B2+0.5*C2, 0)
=ROUND(0.2*ROUND(A2,0)+0.3*ROUND(B2,0)+0.5*ROUND(C2,0), 0)
```

जिथे दोन कॉलम जुळत नाहीत त्या ओळी रंगवा. रंगलेल्या ओळींतल्या ज्या श्रेणीच्या रेषेवर आहेत, ती नावं मोठ्याने वाचा आणि मग "अर्ध्या गुणाचं काय" हे वाक्य पुन्हा म्हणून बघा. शेवटी एकदाच म्हणजे खरंच एकदाच, हेही सांभाळा. 79.46 ला आधी एका दशांशात 79.5 केलं आणि मग पूर्णांकात 80, तर तीच चूक मागच्या दाराने आत आली.

एका ठिकाणी मी माघार घेतो. काही अभ्यासक्रमांत प्रत्येक भाग हा स्वतःच एक जाहीर निकाल असतो: त्यात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं, त्याचे गुण वेगळे नोंदले जातात आणि पुढच्या सत्रात तसेच्या तसे धरले जातात. तिथे नोंदलेला पूर्णांक हाच त्या भागाचा गुण, त्यामागे दशांश उरलेलेच नसतात. तिथे आधी राउंड करणं हा हिशेबातला आळस नसून नियम आहे, आणि तो सत्राच्या पहिल्या दिवशी लिहून दिलेला असेल तर माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती निकालाच्या आदल्या संध्याकाळी, कोण रेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे दिसत असताना पद्धत निवडण्याबद्दल.

गुणपत्रकाच्या त्या तक्रारीनंतर पुढच्या वर्षीपासून मी मूळ गुण छापायला लागलो. निकालानंतर एक मुलगी आली, वहीत सगळा हिशेब नीट मांडलेला. "सर, माझे 79.47 होतात." मी तपासलं, बरोबर होतं. रेषेपासून तीन शतांश अलीकडे. "एवढ्यासाठी?" तिने विचारलं. रेषा कुठेही काढली तरी तिच्याजवळ कुणीतरी उभं असतंच, हे मी तिला सांगितलं, आणि तिला ते अजिबात पटलं नाही. पण तिच्यापेक्षा कमी गुणांचं कुणी रेषेच्या पलीकडे गेलं आहे का, हा तिचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याला मी यादी न उघडता "नाही" म्हणू शकलो.